गाळलेलं पाणी कॅमेऱ्यासमोर पिऊ नका

तुमच्या घरातलं मूल नववीत आहे आणि विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याच्या फिल्टरचा व्हिडिओ करणार आहे. मग आधी एक गोष्ट ठरवून टाका. फिल्टरमधून निघालेलं पाणी कोणीही प्यायचं नाही. दाखवण्यापुरता एक घोटसुद्धा नाही.

असा शेवट मुलांना फार आवडतो. ग्लास उचलायचा, घोट घ्यायचा, हसायचं. पण व्हिडिओ शेजारपाजारचेही बघतात. बोडीचं गढूळ पाणी बाटलीतून स्वच्छ निघालेलं पाहून कोणी घरी तसंच करेल. वैनगंगेचं पाणी तर जास्तच जपून वापरायला हवं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हानमधून वैनगंगेत. त्यातला गाळ बाटली अडवते. जुलाब करणारे जंतू मात्र रेतीच्या कणांमधल्या फटीतून निघून जातात, कारण त्या फटी जंतूंहून कितीतरी मोठ्या असतात.

आता फिल्टर करा. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या आणि तिचा तळ कापा. कापायचं काम मोठ्या माणसाने करावं. बाटली उलटी धरा आणि तोंडाला आतून सुती कापडाची घडी बसवा. तिच्यावर बारीक खडे, मग कुटलेला लाकडाचा कोळसा, त्यावर पुन्हा कापड, मग बारीक रेती, मग जाड रेती आणि सगळ्यात वर खडे. वरच्या खड्यांमुळे ओतलेल्या पाण्याने रेतीत खड्डा पडत नाही. खड्डा पडला की पाणी तेवढ्याच वाटेने धावतं आणि न गाळता खाली येतं. धार लागली तर काहीतरी चुकलं आहे. थेंब थेंब पडायला हवेत.

रेती आणि कोळसा आधी धुवा, धुण्याचं पाणी नितळ दिसेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. न धुतलेल्या रेतीतून पाणी ओतलं की ते पहिल्याहून गढूळ निघतं, आणि कोळशाची भुकटी त्याला काळं करते. मूल घाबरतं आणि सगळं टाकून देतं. धुतल्यावरही पहिले दोन-तीन ग्लास फेकून द्या.

पाणी आणायला मुलाला एकट्याने तलावावर पाठवू नका. पावसाळ्यात तर नाहीच.

यानंतरचं काम पुष्कळ मुलं करत नाहीत. ते म्हणजे मोजणं. ‘पाणी स्वच्छ झालं’ एवढं म्हणून भागत नाही. किती स्वच्छ झालं? त्यासाठी घरचंच साधन पुरतं. एका कागदावर काळ्या शाईने फुली काढा. तिच्यावर सपाट तळाचा, सरळ बाजूंचा, उंच पारदर्शक ग्लास ठेवा. वरून बघत हळूहळू पाणी ओता. फुली दिसेनाशी झाली की थांबा आणि पाण्याची उंची पट्टीने मोजा. जितकी उंची जास्त, तितकं पाणी नितळ. ग्लास काठोकाठ भरूनही फुली दिसत राहिली, तर तसंच लिहा. प्रत्येक पाणी तीनदा मोजा, एकाच जागी, एकाच उजेडात. मोजण्याआधी पाणी ढवळा.

आणि मोजायचे ग्लास दोन नाहीत, तीन. पहिल्यात नुकतं आणलेलं पाणी. दुसऱ्यात फिल्टरचं. तिसऱ्यात न गाळलेलं, पण फिल्टर चालू होता तेवढाच वेळ शांत ठेवलेलं. हे तिसरं मात्र ढवळू नका, वरचंच हलक्या हाताने ओतून घ्या. गढूळ पाणी नुसतं ठेवलं तरी गाळ खाली बसतो. ते श्रेय फिल्टरला द्यायचं नाही.

समजा, आणलेल्या पाण्यात फुली 7 सेंटिमीटरला दिसेनाशी झाली, शांत ठेवलेल्यात 12 ला आणि फिल्टरच्या पाण्यात 20 ला. मग फिल्टरची खरी कमाई 12 ते 20 एवढीच. 7 ते 12 हे काम नुसत्या थांबण्याने झालं. मुलाने व्हिडिओत हे तीन आकडे सांगितले, तर परीक्षकाला कळेल की याने प्रयोग खरंच केला आहे.

बोलायचा मजकूर प्रयोगाच्या नंतर लिहायला बसा. आधी लिहिला, तर मूल निकाल आधीच ठरवून बसतं. तुम्ही लिहून देऊ नका. मूल घरी बोलतं तसंच बोलू दे. बोली झाडीची असली तरी बिघडत नाही, सगळ्यांना कळली की झालं. साधारण असं होईल:

‘आमच्या बोडीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होते. रेती आणि कोळशाने ते किती नितळ होते, हे मला बघायचं होतं. हे माझे थर. हे तीन ग्लास. हे तीन आकडे. माझ्या फिल्टरने गाळ कमी केला. जंतू गेले का, हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून हे पाणी मी पिणार नाही. तुम्हीही पिऊ नका.’

शेवटची तीन वाक्यं गाळू देऊ नका. वेळ कमी पडला तर थरांचं वर्णन कापा. फोन आडवा धरा, आणि ग्लासांच्या मागे पांढरा कागद लावा.

परीक्षक एक प्रश्न विचारू शकतात: ‘मग मोठ्या शहरांत रेतीनेच पाणी गाळतात ना?’ हो. 1892 साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात पटकीने 8,000 हून जास्त माणसं दगावली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी प्यायचं, पण तिथे साथ फारशी पसरली नाही. आल्टोनात पाणी रेतीच्या मोठ्या हौदांतून फार सावकाश झिरपवत. अशा रेतीवर काही आठवड्यांत जिवंत, बुळबुळीत थर तयार होतो, आणि तो जंतू अडवतो. बाटलीतल्या ताज्या रेतीवर तो थर नसतो. मुलाला हे समजावून द्या. पाठ करून घेऊ नका.

जंतू पाहायचेच असतील, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. पाण्यातले जंतू तपासायची एक छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि सावलीत, उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत आतलं पाणी काळं झालं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी आहे. एक बाटली आणलेल्या पाण्याची, एक फिल्टरच्या पाण्याची. दोन्ही काळ्या झाल्या तर तसंच सांगू द्या. लपवायचं काही नाही, प्रयोगाचं उत्तरच ते आहे. काळी झालेली बाटली मात्र मुलांनी उघडायची नाही, जलसुरक्षकाला परत करायची.

घरच्या पिण्याच्या पाण्याचं वेगळं बघा. गाळून घ्या, मग उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या आणि झाकून ठेवा. आपल्या झाडीपट्टीत काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते रेतीने जात नाही, कोळशाने जात नाही आणि उकळल्यानेही जात नाही. पाणी दिसायला मात्र काचेसारखं असतं. गावात मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसत असतील, तर त्या बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायला ग्रामपंचायतीला सांगा, आणि अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.