छापण्याआधी प्रश्न गावात फिरवून आणा

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने ग्रामीण भागातील तंबाखूच्या सवयींची पाहणी करायचे ठरवले. प्रश्नावली चांगली तीन बैठका घेऊन तयार झाली होती. मुख्य पाहणीआधी शेजारच्या एका गावात ती थोड्या लोकांवर वापरून बघायची होती. आमच्या समाजसेविका पहिल्याच घरी गेल्या, मी सोबत होतो. पन्नाशीच्या एक बाई समोर बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही तंबाखूचं सेवन करता का?"

"नाही बाई. आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत."

उत्तर स्पष्ट होते. 'नाही'वर खूण झाली आणि प्रश्नावलीतल्या सूचनेप्रमाणे पुढचे आठ प्रश्न सोडून आम्ही थेट पुढच्या भागावर गेलो. दहा मिनिटांत मुलाखत संपली. निघताना मावशींनी कमरेची डबी काढली आणि चिमूटभर काळी पूड बोटावर घेतली. हे काय, असे विचारले तर म्हणाल्या, "मिश्री हो. दाताला लावायची." दिवसातून किती वेळा? "सकाळी, जेवण झाल्यावर, अन् काम करून डोकं दुखलं की."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. पण मावशी खोटे बोलल्या नव्हत्या. तंबाखू 'खातात', मिश्री 'लावतात'. एक व्यसन, दुसरे दंतमंजन. आणि 'सेवन' हा शब्द तर आमच्या बैठकीतला, त्यांच्या घरातला नव्हेच. चूक आमच्या प्रश्नाची होती.

ही चूक किरकोळ नाही. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर न येणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरले. मिश्री लावणारी बाई कागदावर 'तंबाखू नाही' अशी नोंदली गेली, तर तिला कोणी सल्ला देणार नाही, तिचे तोंड कोणी उघडून बघणार नाही आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तिच्या गावातल्या बायकांसाठी एक रुपयाही ठेवला जाणार नाही.

पूर्वचाचणीबद्दल माझे मत या एका डबीतून बनले आहे. आपल्याकडे पूर्वचाचणी म्हणजे मुलाखतीला किती वेळ लागतो आणि लोक कुठे अडखळतात हे बघणे, एवढाच अर्थ घेतला जातो. अडखळणारा प्रश्न सापडतोच. त्यासाठी फार हुशारी लागत नाही. खरा धोका न अडखळता मिळालेल्या चुकीच्या उत्तराचा असतो, कारण ते भरलेल्या अर्जावर अगदी नीटनेटके दिसते.

असे उत्तर पकडायची पद्धत साधी आहे. उत्तर मिळाल्यावर त्याच माणसाला विचारायचे: "मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" आणि "हे उत्तर देताना तुमच्या मनात काय काय आलं?" मुलाखत दुप्पट लांबते, पण सगळे उमगते. आम्ही दुसऱ्या दिवसापासून असे विचारू लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. 'दिवसातून किती वेळा मावा खाता?' या प्रश्नाला एक तरुण 'दोन' म्हणाला. त्याने पुड्या मोजल्या होत्या. एक पुडी तो पाच-सहा वेळा तोंडात टाकायचा. आम्ही वेळा विचारत होतो, तो खर्च सांगत होता.

मग बदलायचे काय? आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, शब्द. 'तंबाखूचे सेवन' काढून एकेका पदार्थाचे नाव घेऊन वेगळा प्रश्न केला: तंबाखू-चुना खाता का, मिश्री लावता का, मावा किंवा गुटखा खाता का, बिडी-सिगारेट ओढता का. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे क्रियापद. विदर्भात हीच प्रश्नावली न्यायची तर 'खर्रा' हवाच.

दुसरी, उडी. 'नाही' म्हटल्यावर आठ प्रश्न वगळण्याची सूचना पहिल्या प्रश्नाला जोडलेली होती. त्यामुळे एक चूक नऊ ठिकाणी पसरत होती. ती उडी आम्ही सर्व पदार्थ विचारून झाल्यानंतर ठेवली. आता प्रश्न टॅब्लेटवर असतात आणि वगळलेले प्रश्न पडद्यावर येतच नाहीत. काय सुटले हे मुलाखत घेणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून प्रत्येक उडी तपासायला हवी.

तिसरी, मोजमाप. 'वेळा'ऐवजी आधी दिवसाच्या पुड्या आणि मग एक पुडी किती वेळा पुरते, असे दोन प्रश्न केले. 'कधी कधी' हा पर्याय काढला, कारण कुणाला तो आठवड्यातून एकदा वाटत होता, कुणाला सणासुदीला. त्याऐवजी 'रोज', 'रोज नाही' आणि 'अजिबात नाही' असे पर्याय दिले. २००९-१० आणि २०१६-१७ मध्ये देशभर झालेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचीही विभागणी अशीच आहे, त्यामुळे तुलना करता आली.

काय बदलू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एखाद्याला प्रश्न आवडला नाही म्हणून तो काढायचा नसतो; अनेक जण एकाच जागी चुकले तर तिथे हात घालायचा. जो प्रश्न तुलनेसाठी दुसऱ्या सर्वेक्षणातून घेतला आहे, त्याचे शब्द तसेच ठेवून स्थानिक नावांचा खुलासा पुढे जोडावा. आणि बदललेला प्रश्न पुन्हा नव्या माणसांवर वापरून बघावा, कारण दुरुस्तीसुद्धा नवी चूक आणू शकते. आमच्या यादीत सुरुवातीला मिश्री चौथ्या क्रमांकावर होती. तोवर बायका 'नाही, नाही' म्हणायच्या लयीत येत. ती वर घेतली.

माणसे किती घ्यावीत? समजा एखादी अडचण दहातल्या एकाला येते. पाच जणांना विचारले, तर ती एकदाही न दिसण्याची शक्यता जवळपास साठ टक्के असते. तीस जणांना विचारले, तर ती चार टक्क्यांवर येते. म्हणून साधारण तीस. ही माणसे मुख्य पाहणीच्या गावांबाहेरची असावीत आणि त्यांची उत्तरे नंतर त्यात मिसळू नयेत. बदललेल्या प्रश्नाचे आणि जुन्या प्रश्नाचे उत्तर एकत्र मोजता येत नाही. तीस जणांवरून 'गावात इतके टक्के' असे सांगण्याचा मोहही टाळावा.

पूर्वचाचणीलाही मर्यादा आहेत. प्रश्न समजला की नाही हे ती सांगते, उत्तर खरे आहे की नाही हे नाही. सासू शेजारी बसलेली असताना सून मिश्रीची कबुली देणार नाही, हे शब्द बदलून सुटत नाही. तिथे बसायची जागा बदलावी लागते.

माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. चाचणी सोमवारी आणि छपाई मंगळवारी असे ठरलेले असते. कधी तर अर्ज छापून झालेले असतात आणि चाचणी केवळ अहवालात एक परिच्छेद हवा म्हणून होते. चाचणी आणि छपाई यांत किमान दोन आठवडे ठेवावेत आणि कोणता प्रश्न कशामुळे बदलला याची यादी अहवालाला जोडावी. एकही प्रश्न बदललेला नसेल, तर मी तरी असे समजतो की त्या लोकांनी विचारले, पण ऐकले नाही.