कोणता रेझ्युमे, कोणाला, कधी?

आमच्या नात्यातल्या एका भाचीची ही गोष्ट. मिरजेची, बी.कॉम. झालेली, टॅली येते, जीएसटीचं काम एका कर सल्लागाराकडे दीड वर्ष केलेलं. ते ऑफिस बंद झालं आणि घरी अब्बांचं दुकानही जेमतेम चाललेलं, तेव्हा ती जून महिन्यात नोकरी शोधायला बसली. रोज रात्री जेवताना अब्बांचा एकच प्रश्न असे, "काय झालं बेटा?" आणि तिचं एकच उत्तर, "पाठवलेत खूप, बघू."

एका दुपारी फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही जीएसटी रिटर्न स्वतः भरलेत असं लिहिलंय, महिन्याला साधारण किती क्लायंटचे?" भाचीला कळेना की फोन कुठून आलाय, कोणत्या जागेसाठी आलाय आणि त्यांच्या हातात तिचा कोणता कागद आहे. तिच्याकडे दोन रेझ्युमे होते. एकात हिशेबाचं काम आणि दुसऱ्यात शिकवण्या, कॉम्प्युटर, ऑफिसकाम असं सगळंच. तिने घाबरून शिकवण्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. बाईंनी "बरं, कळवतो" म्हणून फोन ठेवला. पुढे कळवलं नाही, हे सांगायला नकोच.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आम्ही तिला दुसरं काही दिलं नाही, शंभर पानी वही दिली. पुढे तिने तेच मोबाइलवरच्या शीटमध्ये उतरवलं, पण सुरुवात वहीनेच झाली आणि ज्यांना शीटची सवय नाही त्यांनी वहीवरच थांबायला हरकत नाही.

एका अर्जाला एक ओळ. रकाने सात: पाठवल्याची तारीख, कंपनी आणि पद, जागा कुठून कळली, कोणता रेझ्युमे गेला, संपर्काचं माणूस व नंबर, पुढची तारीख आणि स्थिती. आमच्या पाहण्यात लोक पंधरा-पंधरा रकाने आखतात आणि आठव्या दिवशी वही बंद पडते. पगार, अंतर, कंपनीचा इतिहास वगैरे मुलाखत ठरल्यावर मागच्या पानावर लिहावं.

यातला रेझ्युमेचा रकाना सांभाळायला सर्वात अवघड, कारण आपण रेझ्युमे बदलत राहतो. भाची एकाच फाइलमध्ये दुरुस्त्या करत होती. त्यामुळे १० तारखेला पाठवलेला कागद २० तारखेला तिच्याकडेच उरत नसे. आम्ही एक नियम ठरवला की पाठवलेल्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. बदल करायचा असेल तर तिची नक्कल काढून नवा नंबर द्यायचा. मोबाइलमध्ये "हिशेब-१", "हिशेब-२", "सर्व-१" असे फोल्डर केले आणि प्रत्येकात एकच पीडीएफ ठेवली. नंबर फोल्डरला द्यायचा, फाइलला नाही. कंपनीला जाणाऱ्या फाइलचं नाव स्वतःचं नाव आणि पद एवढंच असावं. "फायनल, नवीन, दुसरी" असलं नाव साहेबांच्या स्क्रीनवर उमटलेलं बरं दिसत नाही. वहीत फक्त "हिशेब-२" लिहायचं. फोन आला की वही उघडायची, तोच फोल्डर उघडायचा आणि समोरचा वाचतोय तोच कागद आपणही बघायचा.

त्याच फोल्डरशेजारी जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवायचा. मुदत संपली की जाहिरात बऱ्याचदा काढून टाकतात आणि बोलावणं तीन आठवड्यांनी येतं. तेव्हा त्यांनी नेमकं काय मागितलं होतं हे सांगायला दुसरं कोणी नसतं.

आता एक ओळ पूर्ण पाहू. १२ जून, गुरुवार. कोल्हापूरची एक फाउंड्री, अकाउंट्स असिस्टंट. जागा मामूंकडून कळली, ईमेलने अर्ज. रेझ्युमे हिशेब-२. संपर्क अकाउंट्स मॅनेजर, नंबर लिहिलेला. पुढची तारीख २३ जून. ही पुढची तारीख अर्ज पाठवला त्याच क्षणी लिहायची, नंतर ती लिहिली जात नाही. आम्ही साधारण सात कामाचे दिवस धरतो. जाहिरातीत शेवटची तारीख दिली असेल तर ते दिवस तिथून मोजावेत, कारण मुदत संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी कोणी अर्ज उघडत नाही. हिशेबाच्या जागांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा जीएसटीच्या असतात. त्या दिवशी अकाउंट्स मॅनेजरला फोन केला तर मिळेल ते उत्तर अर्जाबद्दलचं नसतं, त्यांच्या वैतागाबद्दलचं असतं.

२३ तारखेला भाचीने फोन केला. "साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी करा." स्थितीच्या रकान्यात तिने एवढंच लिहिलं आणि पुढची तारीख खोडून ३० जून केली. ३० तारखेला उत्तर मिळालं, ४ जुलैला मुलाखत. फोनवर बोलायला ती चार वाक्यं लिहून बसायची: नाव, पद, कोणत्या तारखेला अर्ज पाठवला आणि निवड कुठवर आली. ईमेल करायचा तर आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून, तोच रेझ्युमे पुन्हा जोडून. नवा सुधारलेला पाठवायचा मोह होतो. पण मग एकाच माणसाकडे दोन वेगळे कागद जातात आणि प्रश्न वाढतात. असे दोनदा विचारून उत्तर नाही आलं तर स्थितीत "बंद" लिहून मोकळं व्हावं. अम्मी म्हणत, "आणखी एकदा विचार ना." आम्ही म्हणतो, नको.

वही शीटमध्ये उतरवली तेव्हा एक गंमत झाली, म्हणजे थोडक्यात निभावलं. तिने मुलाखतीची तारीख ४/७ लिहिली आणि शीटने ती ७ एप्रिल समजली. पुढच्या तारखेप्रमाणे ओळी लावल्या तर मुलाखत जुन्या ओळींत जाऊन बसली. ओळखायची खूण सोपी आहे. शीटला तारीख म्हणून कळलेला मजकूर घरात उजवीकडे चिकटतो, न कळलेला डावीकडे. तिच्या २३/६, ३०/६ डावीकडे होत्या आणि ४/७ उजवीकडे, कारण तेविसावा महिना नसतो पण सातवा दिवस असतो. गूगल शीटमध्ये `File`, मग `Settings`, तिथे `Locale` हे `India` केलं की नव्याने लिहिलेल्या तारखा नीट बसतात. आधीच चुकलेल्या पुन्हा लिहाव्या लागतात.

"जागा कुठून कळली" हा रकाना भाचीला फालतू वाटला होता. ऑगस्टअखेर ३१ ओळी झाल्या तेव्हा आम्ही बसून मोजणी केली. "सर्व-१" १७ ठिकाणी गेला होता, फोन आले २. हिशेबाचा रेझ्युमे १४ ठिकाणी, फोन ५. भाची खूश. म्हणाली, हिशेबाचाच चांगला, दुसरा फाडून टाकते. आम्ही म्हटलं, थांब, तो तिसरा रकाना बघ. हिशेबाच्या १४ पैकी ६ अर्ज कोणीतरी ओळखीच्या माणसाने पत्ता दिल्यावर गेले होते आणि ५ पैकी ४ फोन तिथूनच आले. पोर्टलवरून गेलेल्या ८ मधून १. दुसऱ्या रेझ्युमेचे १५ पोर्टलवरून गेले, फोन १, आणि ओळखीतून २, त्यातून १. म्हणजे फरक कागदाचा कमी होता, वाटेचा जास्त. एवढ्या थोड्या अर्जांवरून पक्कं काही ठरत नाही हेही तिला सांगितलं. पण रोज रात्री दोन तास पोर्टलवर घालवण्याऐवजी ती आधीच्या ऑफिसातल्या ओळखीच्या क्लायंटांना आणि कॉलेजच्या मैत्रिणींना विचारू लागली, एवढा बदल त्या रकान्याने केला.

ओळखीची वाट आपल्याकडे मोठी असते आणि तिथेच गोंधळही होतो. मामू, चाचा, खालूजान सगळे प्रेमाने विचारतात, "बेटा, रेझ्युमे व्हॉट्सअॅप कर." मग तो कुठे कुठे जातो, आपल्याला कळत नाही. भाचीच्या चाचांनी मार्चमधला, जुन्या फोन नंबरचा रेझ्युमे सांगलीच्या एका शोरूमला पाठवला होता आणि मामूंनी तिथेच नवा दिला. म्हणून घरच्या माणसाला दिलेला रेझ्युमेही वहीत ओळ म्हणून लिहायचा: कोणाला, कोणता, कधी. नवा झाला की त्यांनाही नवा द्यायचा आणि जुना काढून टाका म्हणायचं. त्यांना अदबीने एवढंही सांगायचं की कुठे देण्याआधी मला नाव कळवा, मी तिथे आधीच अर्ज केला असेल. मोठी माणसं यावर रागावत नाहीत, आमचा अनुभव आहे.

प्लेसमेंट कन्सल्टन्सीचं प्रकरण याहून नाजूक. दोन एजन्सींनी एकाच कंपनीकडे तुमचा रेझ्युमे पाठवला तर फी कोणाची यावरून वाद होतो आणि कंपनी कधी कधी उमेदवारालाच बाजूला ठेवते. म्हणून वहीत ओळ कंपनीच्या नावाची करावी, एजन्सीचं नाव संपर्काच्या रकान्यात. आणि कंपनीचं नाव न सांगता रेझ्युमे पुढे पाठवू का, असं विचारणाऱ्याला आधी नाव विचारावं.

याच वहीने एकदा पैसेही वाचवले. "तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असा फोन आला. अम्मींनी घाईने अब्बांना दुकानात फोन लावला. भाचीने वही उघडली. त्या नावाची ओळच नव्हती. तिने विचारलं, "मी कोणत्या तारखेला, कोणत्या पदासाठी अर्ज केला होता?" पलीकडे फोन ठेवला गेला.

फाउंड्रीची मुलाखत बरी झाली, पण जागा दुसऱ्याला मिळाली. ओळ ३४, सांगलीतलं सी.ए.चं ऑफिस, हिशेब-३, कॉलेजच्या मैत्रिणीकडून कळलेली, तिथे काम लागलं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तिने वहीतल्या चार उघड्या ओळी शोधून त्या चौघांना दोन वाक्यांचा ईमेल केला की माझा अर्ज आता धरू नये. एकाने आभार मानून उत्तर दिलं आणि लिहिलं, पुढे जागा निघाली तर कळवू. तेही तिने स्थितीत लिहून ठेवलं आणि वही धाकट्या भावाला दिली. त्याचा डिप्लोमा मेमध्ये संपतोय.