धंदा नफ्यात असतो आणि तरी बुडतो : भाच्याला पत्र

माझा भाचा नागपुरात कामगारांचे युनिफॉर्म शिवण्याचा कारखाना काढतोय. त्याने कर्जाची फाईल आणि ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ मला वाचायला दिला. तो वाचून मी त्याला हे पत्र लिहिलं. आपल्या इतर पोरांच्याही कामाला येईल म्हणून ते इथे सगळ्यांसमोर ठेवतो.

प्रिय बाळा,

सप्रेम जयभीम.

तुझा रिपोर्ट दोनदा वाचला. बँकेचे 15 लाख आणि आक्काने जपून ठेवलेले 3 लाख, असे एकूण 18 लाख. त्यातले साढेसोळा लाख तू मशिनी, कटिंग टेबल, प्रेस, गाळ्याचं डिपॉझिट आणि फर्निचरवर टाकलेस. ‘इतर खर्च’ म्हणून शेवटच्या ओळीत दीड लाख ठेवलेस. मला त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोलायचं आहे, कारण तुझा धंदा त्या ओळीवर चालणार आहे.

मशीन हे स्थिर भांडवल. एकदा घेतलं की ते जागेवर राहतं. खेळतं भांडवल म्हणजे रोज फिरणारा पैसा. तो कापडात जातो, कापडाचा शर्ट होतो, शर्टाचं बिल होतं, बिलाचा चेक होतो आणि चेकचा पुन्हा पैसा होतो. हा फेरा पुरा व्हायला जितके दिवस लागतात, तितके दिवस तुला स्वतःच्या खिशातून कारखाना चालवावा लागतो. म्हणून ‘भांडवल किती’ हे विचारण्याआधी ‘फेरा किती दिवसांचा’ हे विचार.

तुझेच आकडे घेऊ. हिंगणा एमआयडीसीतली कंपनी तुला महिन्याला 1000 जोड देणार, भाव 600 रुपये जोड. म्हणजे महिन्याची विक्री 6 लाख. एका जोडाला कापड, चेन, बटण, धागा मिळून 360 रुपये लागतात. शिलाईची मजुरी, भाडं, लाईट बिल आणि वाहतूक मिळून 180. खर्च 540, उरतात 60. महिन्याला 60 हजार नफा. इथपर्यंत तुझा हिशेब बरोबर आहे.

आता दिवस मोज. गांधीबागेतून आणलेलं कापड सरासरी 10 दिवस गाळ्यात पडून राहणार. कटिंग, शिलाई, काजं-बटण, प्रेस यात 20 दिवस जाणार. माल दिल्यावर कंपनी 60 दिवसांनी पैसे देते, असं तूच लिहिलं आहेस. एकूण 90 दिवस. आणि गांधीबागेतला व्यापारी तुला ओळखत नाही, तो रोख मागणार.

कापड आणि साहित्यावर तुझे रोज सरासरी 12 हजार जातात. 90 दिवसांचे झाले 10 लाख 80 हजार. मजुरी आणि इतर खर्च रोजचे 6 हजार. ते शिलाई चालू असताना हळूहळू जातात, म्हणून सरासरी 70 दिवस अडकतात असं धर. झाले 4 लाख 20 हजार. बेरीज 15 लाख.

म्हणजे पहिल्या जोडाचा पैसा हातात येईपर्यंत तुझे 15 लाख बाहेर फिरत असतील. आणि तू ठेवलेत दीड लाख! पहिल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कारागीर पगाराला उभे राहतील, तेव्हा तुझ्याकडे मशिनी असतील, ऑर्डर असेल, कागदावर नफाही असेल. फक्त पैसे नसतील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 2011 साली माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, तुला आठवत असेल. एका मोठ्या कंपनीची लोखंडी रॅकची 9 लाखांची ऑर्डर मिळाली. त्यात 90 हजार नफा होता. वस्तीत पेढे वाटले. माल वेळेवर दिला, पण पैसे पाच महिन्यांनी आले. मधल्या काळात लोखंडवाल्याला आणि वेल्डरांना द्यायला मी सावकाराकडून 6 लाख उचलले, महिना तीन टक्क्यांनी. पाच महिन्यांचं व्याज झालं 90 हजार. नफा तिथेच संपला. तोवर दोन चांगले वेल्डर सोडून गेले होते आणि पुढची ऑर्डर घ्यायला हातात दमडी नव्हती. वर्कशॉप बंद झालं, आणि लोक म्हणाले, “आपल्या लोकांना धंदा जमत नाही.”

या वाक्याचा मला राग आहे. मी वेल्डिंगमध्ये कमी नव्हतो, भावात चुकलो नव्हतो. मी पाच महिन्यांचा फेरा मोजला नव्हता. आणि दुसरी एक गोष्ट माझ्याकडे नव्हती, जी शेजारच्या वर्कशॉपवाल्याकडे होती. त्याला लोखंड दोन महिन्यांच्या उधारीवर मिळायचं, कारण लोखंडवाला त्याच्या नात्यातला होता. मला रोख द्यावे लागायचे.

ही उधारी नीट समजून घे. कापडवाल्याने तुला फक्त एक महिना उधार दिलं, तर रोजच्या 12 हजारांप्रमाणे 3 लाख 60 हजार रुपये तुला बिनव्याजी वापरायला मिळाले. कुठलीही बँक हे देत नाही. पिढ्यानपिढ्या बाजारात असलेल्या घरातल्या पोराला ते आडनावावर मिळतं. आपल्या पोराकडे पदवी असते, हुन्नर असतो, पण बाजारात त्याच्या शब्दाला किंमत द्यायला कोणी बसलेलं नसतं. बाबासाहेबांनी तरुणपणी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारी फर्म काढली होती. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचे लोक देशात किती होते? तरी सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आलं नाही. बाजारातला विश्वास सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या पोरांसाठीची कुठलीही योजना फक्त मशीनला कर्ज देऊन थांबत असेल, तर ती अर्धीच योजना आहे. ज्याला उधारी मिळत नाही, त्याला खेळतं भांडवल इतरांपेक्षा जास्त लागतं.

आता करायचं काय ते सांगतो.

पहिलं, मशिनी निम्म्या घे. जुन्या चांगल्या मिळतात. फर्निचर काढून टाक. महिन्याला 400 जोडांनी सुरुवात केलीस तर 15 लाखांऐवजी सहा-साडेसहा लाख फिरवावे लागतील. किंवा सुरुवातीला जॉबवर्क घे: कापड कंपनीचं, शिलाई तुझी. नफा कमी मिळेल, पण कापडात अडकणारे 10 लाख 80 हजार तुझे नसतील. पूर्ण 1000 जोड शिवूनही सव्वाचार लाखांत काम भागेल.

दुसरं, बँकेकडे मुदत कर्जासोबत कॅश क्रेडिटची मर्यादा माग. मुदत कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. कॅश क्रेडिटमध्ये जितके उचलशील तितक्यावरच व्याज लागतं आणि पैसे आले की परत भरता येतात. छोट्या उद्योगांसाठी नायक समितीने 1992 मध्ये एक सोपा हिशेब दिला आहे: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे, 5 टक्के उद्योजकाने आणायचे. तुझी वर्षाची विक्री 72 लाख, म्हणजे गरज 18 लाख, बँकेचे 14 लाख 40 हजार, तुझे 3 लाख 60 हजार. मॅनेजरसमोर हा हिशेब कागदावर मांड. पण लक्षात ठेव, दर महिन्याला माल आणि येणी यांचं स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि तीन महिन्यांहून जुनं येणं बँक सहसा धरत नाही. गिऱ्हाईक रखडलं की मर्यादाही आटते.

तिसरं, उद्यम नोंदणी माल देण्याआधी कर. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कंपनीने 60 ऐवजी 45 दिवसांत पैसे दिले तर तुझे 2 लाख 70 हजार मोकळे होतात. मात्र पहिल्याच वर्षी गिऱ्हाइकावर तक्रार करणं कोणाला परवडत नाही, हेही खरं आहे. म्हणून कायद्याचा उपयोग भांडणाच्या आधी कर: पर्चेस ऑर्डरवरच 45 दिवस लिहून घे.

चौथं, जीएसटीचा पैसा वेगळा ठेव. तू बिल फाडलंस की पुढच्या महिन्यात कर भरायचा. कंपनीने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही.

आणि मोठ्या ऑर्डरला भी. कंपनीने उद्या 2000 जोड मागितले तर आणखी 15 लाख लागतील. 60 हजारांच्या नफ्यातून बँकेचा साधारण 33 हजारांचा हप्ता गेला की उरतात 27 हजार. त्यातून 15 लाख जमायला साडेचार वर्षांहून जास्त लागतात. आगाऊ रक्कम किंवा वाढीव मर्यादा हातात आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नकोस.

गांधीबागेत दोन व्यापारी धर. सुरुवातीला रोखीने, पक्क्या बिलाने घे. मग 20 हजारांचं कापड 15 दिवसांवर माग आणि चौदाव्या दिवशी पैसे नेऊन दे. सहा महिने असं केलंस तर महिन्याची उधारी मागायला तोंड राहील. आपल्या घराण्यात बाजारातली पत तुझ्यापासून सुरू होणार आहे, तिला वेळ लागेल.

दर सोमवारी वहीत तीन आकडे लिही: कापडात किती अडकले, अर्धवट मालात किती, बिलांत किती. बिलांचा आकडा विक्री न वाढता वाढत असेल, किंवा कॅश क्रेडिटचं खातं महिनाभर काठोकाठ भरलेलं राहत असेल, तर नफा कितीही दिसो, मला फोन कर.

रविवारी नवा हिशेब घेऊन घरी ये. आक्काच्या 3 लाखांना हात लावण्याआधी आपण तो पुन्हा मांडू.

तुझा,
मामा