केंद्राचा वर्ग आणि २०११ ची शिरगणती

बँकिंगमध्ये ‘केंद्र’ म्हणजे ज्या महसुली एककात, म्हणजे एखाद्या गावात, नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत, शाखा वसलेली असते ते संपूर्ण एकक. शाखेचा मोहल्ला किंवा रस्ता नव्हे. या केंद्राची लोकसंख्या दहा हजारांपेक्षा कमी असेल तर ते ग्रामीण, दहा हजार ते एक लाखाच्या आत असेल तर अर्धशहरी, एक लाख ते दहा लाखांच्या आत असेल तर शहरी आणि दहा लाख व त्यावर असेल तर महानगरी, अशी रिझर्व्ह बँकेची चौपदरी विभागणी आहे. शेती किती, कारखाने किती, कारभार ग्रामपंचायतीचा की नगरपालिकेचा, याची ती विचारपूस करीत नाही. त्यामुळे बारा हजार वस्तीची ग्रामपंचायत बँकेच्या हिशेबी अर्धशहरी ठरते, तर बिगरशेती व्यवसाय आणि लोकवस्तीची घनता या निकषांवर जनगणनेने नागरी मानलेले सहा हजार वस्तीचे गाव बँकेत ग्रामीणच राहते.

या विभागणीचा परिणाम सर्वांत नेमका दिसतो तो अग्रक्रम क्षेत्रात धरल्या जाणाऱ्या घरकर्जात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या केंद्रात कर्ज ३५ लाखांपर्यंत आणि घराची एकूण किंमत ४४ लाखांपर्यंत असेल तरच ते कर्ज अग्रक्रम क्षेत्रात बसते. दहा लाख ते पन्नास लाखांच्या आतील केंद्रात हीच मर्यादा अनुक्रमे ४५ लाख आणि ५७ लाख, तर पन्नास लाख व त्यावरील केंद्रात ५० लाख आणि ६३ लाख आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर महानगरपालिकेची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, तर त्या वेळच्या औरंगाबादची ११,७५,११६. घराची किंमत ५० लाख आणि कर्ज ४० लाख असे दोन अर्ज आले, तर आजच्या छत्रपती संभाजीनगरातील कर्ज अग्रक्रम क्षेत्रात जाते आणि सोलापुरातील त्याच मापाचे कर्ज, कर्ज व किंमत या दोन्ही अटींवर, बाहेर पडते. पायरी चढायला सोलापूरला ४८,४४२ माणसे कमी पडली, आणि ती कमी पडली चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असल्याने तिचे आकडे येऊन केंद्रांची फेरवर्गवारी होईपर्यंत हाच निकाल चालेल. सोलापूर एव्हाना दहा लाखांपुढे गेले असणार असा अंदाज शाखाधिकाऱ्याला खुशाल बांधता येईल, पण कर्जाच्या नोंदीत अंदाजाला रकाना नाही.

दुसरी गफलत होते ती लोकसंख्या कोणत्या हद्दीची घ्यायची यात. जनगणना शहर आणि त्याला लागून वाढलेल्या वस्त्या एकत्र धरून ‘नागरी समूह’ असा वेगळा आकडा देते. पुण्याचा नागरी समूह २०११ मध्येच पन्नास लाखांपुढे गेला होता, तर पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती आणि पिंपरी-चिंचवड हे स्वतंत्र केंद्र १७,२७,६९२ वस्तीचे होते. समूहाचा आकडा धरणारा अधिकारी पुण्यातील ४८ लाखांचे कर्ज अग्रक्रम क्षेत्रात घालतो; महसुली एकक धरले तर ते ४५ लाखांच्या मर्यादेबाहेर जाते. शिवाय या मर्यादेसाठी घर कोठे आहे ते पाहायचे असते, शाखा कोठे आहे ते नव्हे. शहरातील शाखेने दहा लाखांहून कमी वस्तीच्या केंद्रातील बंगल्यासाठी कर्ज दिले आणि संगणकाने शाखेचाच वर्ग उचलून मर्यादा लावली, तर चूक मंजुरीच्या टेबलावर लक्षात येत नाही, ती तपासणीत निघते. पडताळणीसाठी करारनाम्यातील मिळकतीच्या वर्णनात लिहिलेले गाव आणि त्याची हद्द वाचावी. पत्त्यातील ‘पुणे’ हा शब्द बहुधा टपालापुरताच खरा असतो.

ग्राहकांच्या तोंडी असलेला ‘मेट्रो’ हा शब्दही या वर्गवारीतला नाही. परक्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच मोफत व्यवहार देणारा नियम मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा नावांना लागू आहे. इतरत्र पाच मिळतात. पुणे, नागपूर, नाशिक ही दहा लाखांवरची, म्हणून महानगरी केंद्रे असूनही तेथे पाचच व्यवहार मोफत आहेत, आणि ‘आमची शाखा मेट्रो शाखा’ म्हणून तीनवर शुल्क लावणाऱ्या काउंटरला ग्राहकाने परिपत्रक मागितले तर दाखवायला काही सापडणार नाही. एका परिपत्रकातील वर्ग दुसऱ्यात उचलून लावण्याआधी तेथे निकष लोकसंख्येचा आहे की नावांच्या यादीचा, एवढे तरी पाहणे शाखेला भाग आहे.