बोटात जोर नाही, तरी गेम खेळता येतो? आधी सेटिंग बदला, मग कंट्रोलर बघा

हडपसरमधला एक तरुण डोळ्यांसमोर आणा. दुचाकीच्या अपघातानंतर त्याच्या डाव्या हाताचा अंगठा नीट चालतो, पण तर्जनीत जोर उरलेला नाही. मित्रांसोबत PS5 वर शूटिंगचा गेम खेळताना तो एकाच ठिकाणी अडतो. नेम धरायला L2 दाबून ठेवावं लागतं आणि ते बटण नेमकं तर्जनीखाली असतं.

पैसे न खर्चता काय करता येतं?

PS5 मध्ये Settings > Accessibility > Controllers इथे बटणांची अदलाबदल करता येते. L2 चं काम L3 ला द्यायचं. L3 म्हणजे डावी स्टिक अंगठ्याने खाली दाबणं.

पण इथे नवी अडचण येते. स्टिक दाबून धरायची आणि त्याच स्टिकने चालायचंही, हे अंगठ्याला जमत नाही. म्हणून गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये नेम 'होल्ड'वरून 'टॉगल'वर न्यायचा. मग एकदा दाबलं की नेम धरला जातो, पुन्हा दाबलं की सुटतो. बऱ्याच गेममध्ये L3 वर धावणं असतं, ते आता L2 वर गेलं. त्यासाठी गेममध्ये 'ऑटो स्प्रिंट' आहे का ते बघायचं.

एक लक्षात ठेवा. कन्सोलमधून बटणं बदलली तरी गेमला ते कळत नाही. स्क्रीनवर 'L2 दाबा' असंच येत राहतं.

टॉगलच नसेल तर?

सप्टेंबर 2023 च्या अपडेटपासून PS5 वर दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूचं काम करू शकतात. दुसरा कंट्रोलर मित्राच्या हातात द्यायचा, L2 त्याने सांभाळायचं. एक्सबॉक्सवर अशी सोय 2017 पासून आहे.

मग खास कंट्रोलर कधी?

कंट्रोलर हातात धरणंच शक्य नसेल तेव्हा. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 मध्ये आला, किंमत होती सुमारे 100 डॉलर. त्यावर दोन मोठी बटणं आहेत आणि मागे 3.5 मिमीची 19 सॉकेट्स. प्रत्येक सॉकेटला एक बाहेरचं बटण जोडून ते कोपराखाली, गुडघ्याजवळ, कुठेही ठेवता येतं.

खर्च वाढतो तो या बाहेरच्या बटणांमुळे, कारण ती वेगळी घ्यावी लागतात. पण असं बटण म्हणजे दाबल्यावर दोन तारा जोडणारा साधा स्विच. तपकीर गल्लीतून पुश बटण आणि 3.5 मिमीची मोनो पिन आणून सोल्डर केली, तरी काम होतं.

मात्र हा कंट्रोलर एक्सबॉक्स आणि विंडोज पीसीसाठी आहे, PS5 ला थेट चालत नाही. तिथे सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर लागतो. तो डिसेंबर 2023 मध्ये आला आणि त्याला अशी चारच सॉकेट्स आहेत.

म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी ठरवा: गेम कोणत्या मशीनवर खेळायचा आहे, आणि हात नेमका कुठे अडतो, बटणापर्यंत पोहोचताना, ते दाबून धरताना की कंट्रोलर पकडतानाच? पहिल्या दोन अडचणी अनेकदा सेटिंगमध्येच सुटतात.