आधी महिने मोजा, मग टक्के

पगारदार माणूस बचतीचे टक्के पाडून मोकळा होतो. ज्यांची कमाई मोसमावर चालते, त्यांनी मात्र आधी महिने मोजावेत.

एसी दुरुस्त करणारा ३४ वर्षांचा एक कारागीर घेऊ. घरखर्च दरमहा २० हजार. फेब्रुवारी ते जून महिना ४० हजार मिळतात, उरलेले सात महिने जेमतेम १४ हजार. जूनअखेर हाती एक लाख शिल्लक दिसते. पण पुढे दरमहा सहा हजार कमी पडणार, म्हणजे सात महिन्यांचे ४२ हजार. ही बचत नव्हेच, पुढचा घरखर्च आहे. तो शेअर्समध्ये घातला आणि सप्टेंबरात बाजार उतरला, तर तोट्यात विकण्यावाचून इलाज नाही.

खरी बचत उरते ५८ हजार. पहिल्या वर्षी ती सगळी राखीव ठेवावी. काम बंद पडलं, आजारपण आलं, तर जवळपास तीन महिने चूल पेटती राहते.

ही राखीव रक्कम एरवी लोक मुदत ठेवीत टाकतात. आपल्यापुढे व्याजाचा प्रश्न येतो, कारण बहुतेक उलेमा हे व्याज नाजायज मानतात. म्हणून रक्कम साध्या बँक खात्यात असू द्यावी आणि जमा झालेलं व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकावं. महागाईने ही रक्कम झिजते, म्हणून गरजेपेक्षा जास्त साठवू नये.

दुसऱ्या वर्षीच्या ५८ हजारांची वाटणी अशी करता येईल : ३५ हजार शेअर्स, १५ हजार सोनं, आठ हजार राखीव रकमेत भर. शेअर्ससाठी टाटा एथिकल फंडासारखी, शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणारी योजना आहे. कमाईच्या पाच महिन्यांत सात-सात हजार भरावेत. बारमाही हप्ता लावला तर पावसाळ्यात खात्यात पैसे नसतात आणि बँक दंड कापते. हे पैसे किमान सात-आठ वर्षं लागणार नाहीत, असेच असावेत.

सोनं हॉलमार्कच्या नाण्यात घ्यावं. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही. मंदी लांबली तर आधी राखीव पैसा वापरावा, मग सोनं मोडावं, शेअर्स सर्वांत शेवटी. घरखर्चासाठी शेअर्स विकायची वेळ आली, तर राखीव रक्कम कमी पडली असं समजावं आणि पुढच्या मोसमात आधी तीच भरावी.

निसाब पुरा होत असेल, तर जकातीच्या तारखेला रोख आणि सोनं दोन्ही हिशेबात धरावं. शेअर्सवर जकात कशी काढायची, यात मतं वेगवेगळी आहेत. ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावं.