सव्वा महिन्यानंतर आईला कोण तपासतं? बाळंतपणानंतरची धडधड, थकवा आणि थायरॉइडचा उशिरा येणारा त्रास

बाळ तीन-चार महिन्यांचं होतं आणि आईच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. छातीत धडधडतं, वजन झपाट्याने उतरतं. आणखी दोन-तीन महिन्यांनी उलट होतं. अंग जड पडतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, पाळी कधी दोन महिने येत नाही तर कधी आली की थांबत नाही. घरात उत्तरं तयार असतात. अंगावर पाजतेस, केस गळणारच. रात्री जागतेस, थकवा येणारच. दूध पाजेपर्यंत पाळी मागेपुढे होतेच.

ही उत्तरं खोटी नाहीत. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळणं बहुतेकींना होतं आणि वर्षभरात ते भरूनही येतात. मात्र याच चार तक्रारींच्या आड काही जणींमध्ये थायरॉइड ग्रंथीची सूज लपलेली असते. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज काढला तर बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण पाच जणींना ती होते. जपानमधील ओसाकाच्या नोबुयुकी अमिनो यांच्या गटाने 1982 साली 507 बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यातही प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपासच आलं. म्हणजे हा आजार दुर्मीळ नाही. तो आपल्याकडे दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा आईकडे बघणारं कोणी उरलेलं नसतं.

टाकी गळते, मोटार बंद असते

गरोदरपणात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा थोडी नमती घेते, कारण पोटातलं बाळ तिला परकं वाटू नये. बाळंतपणानंतर ती पुन्हा जोमाने उठते. ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं (अँटी-टीपीओ) आधीपासूनच असतात, त्यांच्या ग्रंथीवर ती उलटते आणि ग्रंथीला सूज येते. ही सूज दुखत नाही, गळ्याला हात लावून कळतही नाही.

थायरॉइड ग्रंथीत काही आठवडे पुरेल इतकं हार्मोन साठवलेलं असतं. सूज आली की हा साठा रक्तात गळू लागतो. छतावरची टाकी फुटावी तसं. अंगणभर पाणी दिसतं, पण मोटार मात्र बंदच असते. हा पहिला टप्पा, साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यातला. धडधड, घाम, चिडचिड, हात थरथरणं, वजन घटणं ही त्याची लक्षणं. मग टाकी रिकामी होते, आणि जखमी ग्रंथी नवं हार्मोन लगेच बनवू शकत नाही. हा दुसरा टप्पा साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात सुरू होतो. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, अंगावर सूज, दूध कमी होणं, पाळी बिघडणं, मन उदास राहणं असं त्यात होतं. सगळ्यांना दोन्ही टप्पे दिसत नाहीत. जवळपास निम्म्या जणींना थेट दुसराच टप्पा जाणवतो.

हे टाकीचं उदाहरण नुसतं समजण्यासाठी नाही, उपचार त्यावरच ठरतो.

एक उदाहरण, महिन्यामहिन्याने

समजा, ढोकीत सासर असलेली एक मुलगी लातूरकडच्या माहेरी नागपंचमीच्या सुमारास बाळंत झाली. सव्वा महिना झाला, बारसं झालं. दिवाळीला बाळ तीन महिन्यांचं झालं आणि तिला धडधडू लागलं. माहेरच्या डॉक्टरांनी तपासलं तर टीएसएच 0.02, म्हणजे फारच कमी. (सर्वसाधारण आकडा 0.4 ते 4 च्या आसपास धरतात.) कागदावर निदान झालं, 'थायरॉइड वाढलंय'.

इथे पहिली चूक होऊ शकते. थायरॉइड खरोखर जास्त काम करत असेल, म्हणजे ग्रेव्हज नावाचा आजार असेल, तर कार्बिमाझोलसारखी गोळी हार्मोन बनणं थांबवते. इथे मात्र हार्मोन बनतच नाहीये, नुसतं गळतंय. बंद मोटारीचं बटण पुन्हा बंद करून गळती थांबत नाही. उलट पुढच्या रिकाम्या टप्प्यात ही गोळी चालू राहिली तर थकवा आणखी खोल जातो. गळतीच्या टप्प्यात धडधड फार असेल तेवढ्यापुरती प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी डॉक्टर देतात (दमा असेल तर ती चालत नाही), आणि ती काही आठवड्यांतच बंद होते. दोन आजारांतला फरक कसा कळतो? डोळे पुढे आल्यासारखे दिसणं, गळ्याला मोठी गाठ, आणि सहा महिन्यांनंतरही न थांबणारी धडधड ही ग्रेव्हजची खूण. शंका असेल तर टीएसएच रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करतात. किरणोत्सारी आयोडीनचं स्कॅन अंगावर पाजणाऱ्या आईला करत नाहीत.

दिवाळीनंतर ती सासरी आली. माहेरची फाइल माहेरीच राहिली. धडधड आपोआप थांबली, म्हणून सगळ्यांना वाटलं बरं झालं. संक्रांतीला बाळ पाच महिन्यांचं. ती सकाळी अंथरुणातून उठत नाही, केसांचा गठ्ठा न्हाणीच्या जाळीत अडकतोय. पाडव्यापर्यंत पाळी दोनदा आली, दोन्ही वेळा दहा-बारा दिवस चालली. आता सासूबाईंनी दवाखान्यात नेलं तर रक्त कमी असल्याचं कळेल, लोहाच्या गोळ्या मिळतील, आणि ते बरोबरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. पण रक्तक्षय सापडला की शोध तिथेच थांबतो, ही दुसरी चूक. याच दिवशी टीएसएच केला असता तर तो कदाचित 30 च्या वर आला असता, आणि कंटाळा, आळस, 'हिचं लक्षच नाही' या सगळ्याला एक नाव मिळालं असतं.

माझ्या मते या उदाहरणातला खरा घोळ माहेर आणि सासर यांच्या मधे हरवलेल्या त्या कागदात आहे. पहिल्या टप्प्यातला रिपोर्ट हातात असता तर पुढे काय येणार हे कोणत्याही डॉक्टरला सांगता आलं असतं. धडधड थांबल्यावर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचा, एवढाच नियम आहे.

गोळी आणि चहा

दुसऱ्या टप्प्यात त्रास जास्त असेल, किंवा अंगावर दूध असेल, किंवा पुन्हा दिवस राहावेत असं वाटत असेल तर लेव्होथायरॉक्सिन देतात. ती अंगावर पाजताना चालते. पण ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते. बाळंतपणानंतर सहा महिने सरकारकडून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या तर थायरॉइडची गोळी पोटातच अडकते, नीट शोषली जात नाही. मधे चार तासांचं अंतर हवं. हे सांगितलं नाही तर टीएसएच उतरत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

दुसरी गोष्ट केसांच्या गोळ्यांची. मेडिकलमधून आणलेल्या 'हेअर' गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. ते काही यंत्रांवरच्या थायरॉइड तपासणीत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त दाखवला जातो. म्हणजे केस गळतात म्हणून गोळी घेतली, आणि गोळीमुळे नसलेला आजार रिपोर्टवर उमटला. तपासणीआधी दोन दिवस अशी गोळी बंद ठेवावी आणि डॉक्टरांना तिचं नाव सांगावं.

एक सावधानता मात्र थायरॉइडच्या पलीकडची आहे. धडधडीबरोबर दम लागत असेल, आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, पाय सुजत असतील तर टीएसएचची वाट बघू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवं.

बाळासाठी दार उघडं, आईसाठी नाही

घरातला सव्वा महिना आणि सरकारचे 42 दिवस जवळजवळ एकाच वेळी संपतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्यानंतर आईची पानं बंद. थायरॉइड मात्र दुसऱ्या महिन्यानंतर तोंड वर काढतं.

गंमत म्हणजे दार पुरतं बंद झालेलं नसतं. लहान मुलांसाठीच्या गृहभेटींच्या योजनेत आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा त्याच घरात येते. ती बाळाचं वजन बघते, वरचं अन्न विचारते. शिवाय 14 आठवड्यांच्या आणि 9 महिन्यांच्या लसीला आई स्वतः बाळाला घेऊन येते. पहिली वेळ गळतीच्या टप्प्यातली, दुसरी रिकाम्या टाकीच्या शेवटाकडची. याहून सोयीची वेळापत्रकं मुद्दाम बसवूनही जमली नसती. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) आहे, म्हणजे माता-बाल आरोग्यावर इथे आधीच लक्ष असायला हवं.

प्रत्येक बाळंतिणीचा टीएसएच सरसकट करा, अशी मागणी मी करत नाही. त्याला पुरेसा वैद्यकीय आधार आजही नाही, आणि आपल्या प्रयोगशाळांवर भारही पडेल. मागणी छोटी आहे. 14 आठवड्यांच्या आणि 9 महिन्यांच्या लसीच्या दिवशी बाळाच्या वजनकाट्याशेजारी आईला चार प्रश्न विचारावेत: छातीत धडधडतं का, कामाला उठवत नाही इतका थकवा आहे का, पाळी फार जास्त किंवा फार लांबते का, उदास वाटतं का. 'हो' असेल तर हिमोग्लोबिनबरोबर टीएसएचही. तिला टाइप-1 मधुमेह असेल, घरात थायरॉइडचा आजार असेल किंवा आधीच्या बाळंतपणात असा त्रास झाला असेल, तर प्रश्नांची वाटही बघू नये.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं प्रकरण बीडमध्ये गाजलं आणि 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागची कारणं अनेक आहेत आणि ती सगळी थायरॉइडवर ढकलणं चुकीचं ठरेल. पण अति रक्तस्राव आणि अनियमित पाळी ही थायरॉइड मंदावल्याचीही खूण असते, आणि तिथे औषधाची एक छोटी गोळी पुरते. ऑपरेशनचा विषय निघालाच तर 'टीएसएच केला का?' हा प्रश्न नातेवाइकांनी बेधडक विचारावा.

बहुतेक जणींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते, काहींची होत नाही. म्हणून गोळी सुरू असेल तर ती कायमची समजू नये आणि स्वतःहून बंदही करू नये. बाळ वर्षाचं झाल्यावर डॉक्टर डोस हळूहळू कमी करून टीएसएच बघतात. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू असेल तर मात्र गोळी कमी करत नाहीत. बऱ्या झालेल्यांनीही दरवर्षी एकदा टीएसएच करावा. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत मागचा रिपोर्ट दाखवावा, कारण एकदा हा त्रास झालेल्या दहापैकी साधारण सात जणींना पुढच्या बाळंतपणानंतर तो पुन्हा होतो. तो कागद माहेरी असेल तर मागवून घ्यावा.